भोजनाच्या छायाचित्रातील काड्या, चमचे व पात्रे : पूर्व आशियातील प्रदेशनिश्चितीचा एक प्रश्न

पूर्व आशियातील जुन्या छायाचित्रांच्या संग्रहांत जेवणाची चित्रे पुष्कळ आढळतात, आणि त्यांपैकी अनेकांवर मथळा नसतो किंवा असलेला मथळा विश्वासार्ह नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी चित्रे प्रवाशांना विकली गेली, वहीत चिकटवली गेली, एका हातातून दुसऱ्या हातात गेली. या प्रवासात चीन, कोरिया व जपान ही नावे सहज एकमेकांच्या जागी आली. चेहऱ्यावरून निर्णय करू पाहणारा अभ्यासक बहुधा फसतो. वेष अधिक बोलका खरा, पण चित्र काढताना नेमका वेषच बदलला जातो. त्या मानाने जेवणाची मांडणी पुष्कळ हट्टी असते. चमचा कोठे ठेवावा, वाडगा उचलावा की नाही, काड्यांची टोके कोणत्या दिशेस असावीत, या गोष्टी मनुष्य विचार करून करीत नाही. म्हणून त्या त्याच्या प्रदेशाची साक्ष त्याच्या नकळत देतात.

ज्यास इंग्रजीत चॉपस्टिक म्हणतात त्या जोडीस मराठीत रूढ शब्द नाही. येथे ‘काड्या’ हाच साधा शब्द वापरला आहे. या वस्तूच्या नावाचा इतिहास आधी पाहणे सोयीचे, कारण नावाच्या प्रसाराचा जो क्रम दिसतो त्यासारखाच काहीसा क्रम मांडणीच्या बाबतीतही दिसतो.

चिनी भाषेतील जुना शब्द ‘चू’. आज प्रमाण चिनीत काड्यांना ‘क्वाय्-त्झ’ म्हणतात. हा बदल कसा घडला याची नोंद मिंग काळातील लू रुंग (१४३६–१४९४) या लेखकाच्या टिपणवहीत सापडते. वू प्रदेशातील, म्हणजे यांगत्सेच्या मुखाजवळील, नावाड्यांना ‘चू’ हा उच्चार अशुभ वाटे. कारण त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘थांबणे’ असा होता, आणि ज्याचे पोट वाहत्या नावेवर अवलंबून त्याने दिवसातून दोनदा ‘थांबा’ का म्हणावे? म्हणून त्यांनी ‘क्वाय्’, अर्थात ‘जलद’, हा शब्द योजला. आपल्याकडे दिवा ‘विझवणे’ टाळून तो ‘मालवणे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे या ‘जलद’ दर्शविणाऱ्या अक्षरावर बांबूचे चिन्ह चढवून लेखनातही त्याला वस्तूचे रूप देण्यात आले. नावाड्यांची ही बोली हळूहळू बहुतेक चीनभर पसरली. दक्षिण किनाऱ्यावरील मिन् बोली मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. तेथे आजही ‘ती’ किंवा ‘तू’ अशा उच्चाराने जुनाच शब्द चालतो. कोरियन ‘चॉत्-गाराक्’ या शब्दातील पहिला अवयव त्याच जुन्या शब्दाचे कोरियन रूप आहे. व्हिएतनामी ‘दुआ’ हीही त्याचीच फार प्राचीन उसनवारी असावी असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जपानीतील ‘हाशी’ हा शब्द देशी आहे, परंतु तो लिहिताना जपानी मनुष्य ‘चू’चेच चिनी अक्षर वापरतो.

मध्यभागी नवा शब्द आणि कडेस जुना, ही रचना बोलीभूगोलाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. जपानात यानागिता कुनिओ यांनी गोगलगायीच्या नावांवरून हाच सिद्धान्त मांडला. त्यांचा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. केंद्रात उत्पन्न झालेली लाट बाहेर पसरत जाते, आणि जी वर्तुळे केंद्रापासून सर्वांत दूर ती सर्वांत जुनी असतात. प्रश्न असा, की हा नियम शब्दांप्रमाणे वस्तूंनाही लागू पडतो काय?

काही अंशी पडतो, असे दिसते. आज चीनमध्ये काड्या जेवणाऱ्याच्या उजव्या हाताशी उभ्या, म्हणजे टोके समोरच्या दिशेस करून ठेवतात. जपानात त्या जेवणाऱ्याच्या पुढ्यात आडव्या ठेवतात. टोके डावीकडे, आणि बहुधा एका लहानशा टेकूवर. ही जपानी रीत जपानचीच निर्मिती असावी असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु सीआनच्या परिसरातील तांगकालीन थडग्यात मेजवानीचे जे भित्तिचित्र आहे त्यात, आणि तुनहुआंगच्या गुहांतील भोजनाच्या चित्रांतही, काड्या आडव्याच मांडलेल्या दिसतात. अर्थात जी रीत आज जपानी समजली जाते ती तांग चीनची रीत होती. केंद्रात ती पुढे बदलली आणि समुद्रापलीकडे टिकली. हा बदल सुंग व युआन या काळांच्या दरम्यान घडला असे मानतात. उत्तरेकडील पशुपालक जमातींच्या सुऱ्या जेवणाच्या मेजावर आल्या, सुरीचे टोक स्वतःकडे वा शेजाऱ्याकडे नको म्हणून ती उभी ठेवली गेली, आणि काड्यांनी सुरीचे अनुकरण केले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते चतुर आहे, पण त्याला सिद्ध म्हणता येत नाही. त्याच सुमारास चिनी लोक चटईवरून खुर्चीवर आले होते आणि वेगवेगळ्या पानांऐवजी मध्यभागी ठेवलेल्या सामाईक पात्रांतून जेवू लागले होते. मांडणी बदलण्यास ही कारणेही कमी नव्हेत.

कोरियाने मात्र दुसरीच गोष्ट जपली. प्राचीन चीनमध्ये भात व इतर धान्य चमच्याने खात आणि काड्यांनी रश्शातील भाजी वा मांसाचे तुकडे उचलीत. पुढे चीनमध्ये भातही काड्यांनीच खाण्याची पद्धत पडली आणि चमचा केवळ रश्शापुरता उरला. जपानात तर रोजच्या जेवणातून चमचा नाहीसाच झाला. तेथे रस्सा वाडगा ओठास लावून पितात. कोरियाने चमचा व काड्या यांची जोडी आजतागायत राखली आहे. भाषेनेही ती राखली: ‘सु-जॉ’ या एकाच शब्दात चमचा व काड्या दोन्ही येतात, आणि मांडतानाही दोन्ही शेजारी शेजारी, उजव्या हाताशी, उभी ठेवतात; चमचा वाडग्यांच्या बाजूस आणि काड्या त्याच्या उजवीस. तेव्हा जपानने दिशा जपली आणि कोरियाने जोडी जपली. कड ही नेहमी एकसंध जुनी नसते, ही गोष्ट शब्दांच्या अभ्यासकाने वस्तूंपासून शिकण्यासारखी आहे.

आता एक छायाचित्र कल्पनेने समोर घ्यावे, आणि ते पायरीपायरीने वाचावे. मथळा नाही. एक पुरुष जमिनीवर बसला आहे, पुढ्यात एक लहान, ठेंगणे मेज. त्यावर झाकणाची दोन भांडी आणि काही बारीक ताटल्या. मागे कागदी दार. छायाचित्रकार त्याच्या समोर उभा आहे. पहिला तर्क असा होतो की हे जपान. कारण जमिनीवरची बैठक, प्रत्येकाचे वेगळे मेज आणि कागदी दार. हा तर्क पुरेसा नाही. जपानातील ‘झेन्’ नावाचे एकेकट्याचे तबक आणि कोरियातील ‘सोबान’ नावाचे लहान मेज ही दोन्ही एकाच सवयीची रूपे आहेत, आणि कागदी दारे दोन्ही देशांत आहेत. बैठकीवरून फार तर चीन वगळता येतो, तोही उत्तर चीनमधील उबदार विटांच्या ओट्यावर मांडलेल्या ठेंगण्या मेजांची आठवण ठेवून.

दुसरी पायरी सर्वांत आधी घ्यावयास हवी, पण ती बहुधा विसरली जाते: चित्र उलटे छापले गेले आहे काय? काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने ठेवून छापली तर डावे-उजवे बदलते, आणि मांडणीवरून काढलेले सर्व निष्कर्ष उलटतात. याची कसोटी मेजावर नसून अंगरख्यावर असते. चीन, कोरिया व जपान या तिन्ही देशांच्या पारंपरिक वेषात डावा पदर उजव्यावर येतो. समोरून पाहणाऱ्यास तो त्याच्या उजवीकडून डावीकडे उतरताना दिसतो. छायाचित्रात याच्या उलट दिसले, तर चित्र उलटे छापले आहे असे प्रथम समजावे. जपानात प्रेताला मात्र मुद्दाम उजवा पदर वर नेसवतात, म्हणून जिवंत, जेवत असलेल्या माणसाच्या बाबतीत ही कसोटी निःशंकपणे वापरता येते.

पदर योग्य आहे असे धरू. तिसरी पायरी छायाचित्रकाराच्या जागेची. जपान व कोरिया या दोन्ही ठिकाणी भात जेवणाऱ्याच्या डावीस आणि रस्सा उजवीस असतो. पण छायाचित्रकार समोर उभा असल्याने त्यास, आणि आपल्यासही, भात उजवीकडे दिसेल. आपल्याकडील पानावर चटणी-कोशिंबीर डाव्या बाजूस वाढतात, हे ठाऊक असलेला मनुष्यही पंक्तीच्या छायाचित्रात समोरून पाहताना क्षणभर गोंधळतो, तसेच हे आहे. या टप्प्यावर कोरियातील श्राद्धविधीची मांडणी विशेष सावधपणे पाहावी लागते. तेथे पितरांपुढे भात पश्चिमेस व रस्सा पूर्वेस ठेवतात. पितर उत्तरेस, दक्षिणाभिमुख मानलेले असल्याने त्यांच्या दृष्टीने भात उजवीस व रस्सा डावीस येतो, अर्थात जिवंतांच्या उलट. विधी करणारा समोरून पाहतो, म्हणून त्याला मात्र ही मांडणी आपल्या नेहमीच्या जेवणासारखीच दिसते. मेजासमोर कोणी जेवणारा नसलेल्या छायाचित्रात या भेदाकडे दुर्लक्ष झाले तर श्राद्धाचे ताट सणाच्या जेवणाचे म्हणून नोंदले जाईल.

चौथी पायरी चमच्याची. कल्पिलेल्या चित्रात भांड्यांच्या कडेला, पुरुषाच्या उजव्या हाताशी, एक लांब सरळ दांड्याचा, उथळ, गोलसर पाळ्याचा चमचा आहे आणि त्याच्याजवळ दोन बारीक काड्या. येथे प्रश्न जवळजवळ सुटला. जपानी जेवणात असा चमचा नाही. चिनी चमचा निराळा: चिनी मातीचा, आखूड, सपाट बुडाचा, खोलगट दांड्याचा, तो मेजावर किंवा बशीत स्वतःच्या बुडावर बसतो. कोरियन चमचा धातूचा असतो आणि त्याचा दांडा लांब असतो, कारण तो भात व रस्सा यांच्यामध्ये सतत ये-जा करतो. चिनी मातीचा चमचा जपानी छायाचित्रात दिसलाच, तर तो बहुधा चिनी धाटणीच्या शेवयांच्या दुकानाचा निदर्शक समजावा. जपानी लोक त्यास ‘रेंगे’ म्हणतात. ‘गळून पडलेली कमळाची पाकळी’ या अर्थाच्या मोठ्या नावाचे ते लघुरूप आहे. चमच्याच्या आकारासाठी परक्या वस्तूस इतके सुंदर नाव देणे हेच ती घरची नसल्याचे लक्षण मानता येईल.

पाचवी पायरी हाताची. कोरियात वाडगा मेजावरच राहतो. तो उचलून तोंडाशी नेणे अशिष्ट मानतात. जपानात तो न उचलणे अशिष्ट. दोन शेजारी देशांची शिष्टाचाराची कल्पना इतकी विरुद्ध कशी झाली, याचे उत्तर पात्रांतच आहे. जपानी रश्शाचा वाडगा लाखेचे लेपण दिलेल्या लाकडाचा असतो; तो हातास पोळत नाही, वजनास हलका असतो आणि त्याला धरण्याजोगे उंच बूड असते. कोरियन भांडे धातूचे, जाड व जड. त्यात गरम भात भरला तर ते हाती धरवत नाही. ज्याच्याजवळ चमचा आहे त्याला भांडे उचलण्याची गरज नाही, आणि ज्याचे भांडे उचलता येत नाही त्याला चमच्यावाचून गत्यंतर नाही. यांतील कारण कोणते व कार्य कोणते हे सांगणे कठीण. पण छायाचित्र वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकत्रच असतात, आणि एक दिसले की दुसरे शोधावे.

काड्यांची लांबी मोजण्याचा मोह येथे होतो. चिनी काड्या सामान्यतः २५ सेंटिमीटर वा त्याहून थोड्या अधिक लांब, वरच्या अर्ध्यात चौकोनी व खाली गोल, बोथट टोकाच्या असतात. मेजाच्या मध्यभागी असलेल्या सामाईक पात्रापर्यंत त्यांना पोचायचे असते. जपानी काड्या २० ते २३ सेंटिमीटर, टोकाशी निमुळत्या. प्रत्येकाचे अन्न त्याच्या पुढ्यातच असते, आणि मासे काट्यांपासून वेगळे करण्यास बारीक टोक उपयोगी पडते. भाताच्या वाडग्याचा व्यास दोन्हीकडे सुमारे ११-१२ सेंटिमीटर धरला, तर चिनी काडी वाडग्याच्या दुपटीहून अधिक आणि जपानी काडी दुपटीहून थोडी कमी भरावी. कागदावर हे सोपे वाटते. परंतु जी काडी कॅमेऱ्याच्या दिशेने ठेवली आहे ती छायाचित्रात आखूड दिसते, आणि चीन व कोरिया येथे काड्या नेमक्या तशाच ठेवतात. तेव्हा हे गणित आडव्या मांडलेल्या जपानी काड्यांनाच नीट लागू पडते, जेथे त्याची गरज सर्वांत कमी. दिशेवरूनच तेथे निर्णय झालेला असतो. इतरत्र टोकाचा आकार पाहावा, लांबी नव्हे.

कोरिया हे निश्चित झाल्यावर काळाचा प्रश्न उरतो, आणि तो धातूवरून काही अंशी सुटतो. जुन्या कोरियन घरात चांगली भांडी ‘युगी’ची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची असत, उन्हाळ्यात त्याऐवजी चिनी मातीची वापरण्याची रीत होती. जपानी राजवटीच्या (१९१०–१९४५) अखेरच्या वर्षांत युद्धासाठी धातू गोळा करण्यात आला तेव्हा घरोघरची ही भांडी व चमचे काढून घेण्यात आले. युद्धानंतर ती काही प्रमाणात परत आली, पण १९६०च्या पुढे स्टेनलेस स्टीलने त्यांची जागा घेतली. स्टीलच्या भांड्याचा आकारही सरकारी आज्ञेने ठरला, हे विशेष. तांदळाची बचत व्हावी म्हणून १९७०च्या दशकात सोल शहराच्या प्रशासनाने उपाहारगृहांतील भाताच्या भांड्याचे माप ठरवून दिले: आतील व्यास १०.५ सेंटिमीटर व उंची ६ सेंटिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कोरियन छायाचित्रांत भाताची रास ज्या भांड्यावर शिखरासारखी चढलेली दिसते त्याच्याशी हे भांडे ताडून पाहिले, तर शतकाचा फरक मापाशिवायही डोळ्यांत भरतो. शिवाय उपाहारगृहाच्या छायाचित्रात हे ठराविक मापाचे भांडे ओळखता आले की शेजारील वस्तूंची मापे काढण्यास ती एक उत्तम पट्टी ठरते.

कोरियातही प्रदेशभेद आहेत, आणि ते मेजावरून कळतात. नाजू, थोंग्यॉङ् व हेजू या गावांच्या नावांनी सोबानचे प्रकार ओळखले जातात. हेजूच्या मेजास पायांऐवजी दोन बाजूंस कोरीव फळ्या असतात, तर इतर दोहोंस चार पाय. मात्र मेज ही विकत घेऊन दूर नेता येणारी वस्तू आहे. तिच्यावरून ती कोठे घडली हे समजते, ती कोठे वापरली जात होती हे नव्हे.

चीनबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, तेथील प्रांताप्रांतांतील भेद काड्यांपेक्षा पात्रांच्या संख्येत व आकारांत अधिक आहेत, आणि छायाचित्रावरून ते ओळखणे धोक्याचे. एक अपवाद अलीकडचा आहे. २००३ सालच्या सार्सच्या साथीनंतर हाँगकाँगच्या उपाहारगृहांत प्रत्येकापुढे वेगळ्या रंगाच्या काड्यांच्या दोन जोड्या ठेवण्याची पद्धत फैलावली, एक वाढून घेण्यासाठी व एक खाण्यासाठी. सामाईक पात्रांतून होणाऱ्या संसर्गाची चिंता मात्र जुनी आहे. मांचुरियातील प्लेगाचा (१९१०–११) सामना करणारे पेनांगचे डॉक्टर वू ल्येन-तेह यांनी १९१५च्या सुमारास फिरत्या तबकाची शिफारस याच कारणासाठी केली होती.

काड्या दिसल्या की पूर्व आशिया, हे समीकरणही सावधपणे वापरावे. थायलंडमध्ये भात सपाट बशीत वाढतात आणि चमचा उजव्या हातात व काटा डाव्या हातात धरून खातात. काट्याने अन्न चमच्यावर लोटतात, तोंडात चमचाच जातो. काड्या तेथे वाडग्यातील शेवयांबरोबर येतात. सपाट बशीतील मोकळा भात काड्यांनी खाणे जिकिरीचे, ही साधी गोष्ट येथे निर्णायक आहे. म्हणून छायाचित्रात बशी व काड्या एकत्र दिसल्या आणि वाडगा कोठेच नसला, तर तो परदेशातील चिनी उपाहारगृहाचा देखावा असण्याची शक्यता आधी तपासावी.

शेवटी स्टुडिओतील चित्रांविषयी. फेलिचे बेआतो याने १८५८ साली दिल्ली व लखनौ येथील बंडानंतरची छायाचित्रे घेतली. १८६३ पासून तो योकोहामा येथे होता, आणि त्याच्या व त्याच्या मागून आलेल्या जपानी छायाचित्रकारांच्या दुकानांत प्रवाशांसाठी दैनंदिन जीवनाचे देखावे मांडून टिपले जात. यांतील जेवणाच्या चित्रांत मांडणी सहसा बरोबर असते, कारण मांडणारे जपानीच होते. पण ते जेवण नसते, जेवणाचा अभिनय असतो. काड्या हवेत स्थिर धरलेल्या, वाडगे अनेकदा रिकामे. शिवाय ही चित्रे हाताने रंगवलेली असत. रंगविणाऱ्याने भांड्यास पिवळा रंग दिला म्हणून ते धातूचे ठरत नाही, आणि तांबडा दिला म्हणून लाखेचे. रंग बाजूस ठेवून बुडाची उंची, काठाची जाडी आणि बोटे भांड्यास कोठे लागली आहेत, एवढेच पाहावे; उंच बुडाखाली चार बोटे व काठावर अंगठा असेल, तर भांडे हलके आहे आणि ते उचलण्यासाठीच केलेले आहे.